डोंगराच्या पोटातलं खनिज : मार्चिंग क्यूब्सच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४, साखळी

मामांची रजिस्टरं संगणकात उतरवून झाली. मामा गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर भूवैज्ञानिक होते. बोअर कुठे मारला, किती मीटरवर जांभा संपला, कुठे चिकणमाती लागली, कुठून ब्लू डस्ट ही लोहखनिजाची भुकटी सुरू झाली आणि प्रत्येक टप्प्यावर लोह किती टक्के, हे सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे. गावच्या वाचनालयासाठी यातून एक प्रतिकृती करायची आहे. मुलं डोंगर रोज बघतात, खणलेला खड्डाही बघतात, पण दोन्हींच्या मधे जे खनिज होतं त्याचा आकार कुणीच पाहिलेला नाही. तो थ्रीडी प्रिंटरवर छापून हातात देता यावा, एवढं उद्दिष्ट.

बोअरमधल्या टक्केवाऱ्यांवरून त्रिमितीय ग्रिड तयार केलं. जवळच्या बोअरला जास्त भार, लांबच्याला कमी, ही साधीच पद्धत वापरली. ग्रिडच्या रेषा जिथे मिळतात ते बिंदू म्हणजे नोड; ते ४१ × २९ × २५ आहेत. आडव्या दोन्ही दिशांना २५ मीटर अंतर, उभ्या दिशेला ३ मीटर. म्हणजे एक किलोमीटर लांब, ७०० मीटर रुंद आणि ७२ मीटर उंचीचा ठोकळा. प्रत्येक नोडवर लोहाची टक्केवारी, एका दशांशापर्यंत. मामांच्या सल्ल्याने ५५ टक्क्यांची पातळी धरली आहे. ५५ किंवा त्याहून जास्त ते ‘आत’, कमी ते ‘बाहेर’, आणि या दोहोंमधला पृष्ठभाग मला काढायचा आहे.

६ ऑगस्ट

पद्धत मार्चिंग क्यूब्स. विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन या दोघांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना १९८७ साली ती मांडली. त्यांच्यासमोर सीटी आणि एमआरची चित्रं होती, माझ्यासमोर खाण आहे. ग्रिडला त्याने काही फरक पडत नाही. पेटंटमुळे बरीच वर्षं लोक घनाचे चतुष्फलक पाडून वेगळ्या वाटेने जायचे. ते पेटंट २००५ मध्ये संपलं.

एकमेकांशेजारचे आठ नोड मिळून एक घन होतो. प्रत्येक कोपरा आत किंवा बाहेर, त्यामुळे एका घनाच्या २⁸ म्हणजे २५६ अवस्था संभवतात. आतल्या कोपऱ्याला १ आणि बाहेरच्याला ० धरून आठ बिट ओळीने लिहिले की ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. तो आकडा घेऊन कोष्टकात बघायचं. या घनाच्या बारा कडांपैकी कोणत्या कडांना पृष्ठभाग छेदतो आणि ते छेदबिंदू कोणत्या क्रमाने जोडून त्रिकोण होतात, हे तिथे आधीच लिहिलेलं असतं. आठही कोपरे आत किंवा आठही बाहेर असतील तर काहीच काढायचं नाही. माझ्या २६,८८० घनांपैकी बहुतेक या दोन अवस्थांतच आहेत, म्हणून काम झटपट उरकतं.

मूळ लेखात २५६ अवस्था हाताने काढलेल्या नाहीत. घन फिरवून एकसारख्या होणाऱ्या अवस्था एक मानल्या, आणि आत-बाहेर यांची अदलाबदल केली तरी त्रिकोण तेच राहतात असं धरलं. मग १५ मूळ आकृत्या पुरतात. मी सुरुवातीला मुद्दाम हेच १५ चं कोष्टक घेतलं आहे. त्यातली अदलाबदलीची मोकळीक पुढे कुठे अडते ते आपल्या आकड्यांवर पाहायचं आहे.

१० ऑगस्ट

दिवसभर पाऊस, दुपारनंतर वीज नव्हती. कडांवरच्या गणिताचा भाग कागदावर नीट मांडून घेतला.

कडेचं एक टोक आत आणि दुसरं बाहेर असेल तर मधे कुठेतरी ५५ येणारच. कुठे, हे सरळ प्रमाणाने ठरवायचं. एका टोकाला ६६ आणि दुसऱ्याला ५२ असतील तर ६६ पासून ११ उतरायचं आहे आणि एकूण उतार १४ चा आहे. म्हणून बिंदू ११/१४, म्हणजे ०.७८६ एवढ्या अंतरावर. २५ मीटरच्या कडेवर हे १९.६ मीटर होतात. नुसता कडेचा मध्यबिंदू घेतला असता तर तो १२.५ मीटरवर आला असता आणि साऱ्या पृष्ठभागाला पायऱ्या पडल्या असत्या.

आडवी कड २५ मीटरची आणि उभी ३ मीटरची असल्याने या प्रमाणात काही बिघडत नाही. आधी प्रमाण काढायचं, मग त्या दिशेच्या अंतराने गुणायचं. उभे त्रिकोण चपटे आणि लांबुळके येतात तेवढंच.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायला हवी. एक कड चार घनांत सामाईक असते. चारही घनांनी तिच्यावरचा बिंदू आपापला काढला आणि कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून मोजला, तर दशांशाच्या शेवटच्या घरात फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण त्रिकोणांची जाळी तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ते दोन वेगळे बिंदू वाटतात आणि त्यांच्यात फट दिसते. म्हणून दिशा ठरलेलीच हवी, नेहमी लहान क्रमांकाच्या नोडकडून मोठ्याकडे:

```python
def edge_point(p, q, iso):
    if p.index > q.index:
        p, q = q, p
    t = (iso - p.val) / (q.val - p.val)
    return p.xyz + t * (q.xyz - p.xyz)
```

याहून चांगलं म्हणजे बिंदू एकदाच काढून ठेवायचा. प्रत्येक कडेला ‘सुरुवातीचा नोड आणि दिशा’ अशी ओळख द्यायची, ती ओळख आधी आली असेल तर जुनाच बिंदू वापरायचा. मी तेच केलं. त्यामुळे कोणता त्रिकोण कोणाला खेटून आहे हे बिंदूंच्या क्रमांकांवरूनच कळतं, अंतरं ताडून बघावी लागत नाहीत.

ग्रिडच्या कडेला खनिज पोचत असेल तर पृष्ठभाग तिथे उघडा राहील. म्हणून चारी बाजूंनी, वर आणि खाली शून्य टक्क्यांचा एकेक थर जोडला आहे. ६० टक्क्यांच्या नोडपासून बिंदू ५/६० एवढा, म्हणजे आडव्या दिशेला दोन मीटरच बाहेर जातो. प्रतिकृतीला तेवढं चालेल.

१५ ऑगस्ट

पहिली संपूर्ण जाळी तयार झाली. पडद्यावर दोन भिंगं दिसतात. वायव्येकडचं मोठं आणि फुगीर, आग्नेयेकडचं लहान, पातळ. मामांनी चष्मा काढून स्क्रीनजवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, “हा वरचा उंचवटा बघितलास? इथूनच आम्ही पहिली बेंच काढली होती.”

फाइल म्हापशाच्या प्रिंटरवाल्याकडे पाठवली. तासाभरात त्याचा फोन : “जाळी बंद नाही, स्लायसर ४४ उघड्या कडा दाखवतोय.” स्लायसर म्हणजे छपाईसाठी आकाराचे थर पाडणारा त्याचा प्रोग्रॅम. बंद पृष्ठभागात त्रिकोणाची प्रत्येक कड दुसऱ्या एखाद्या त्रिकोणाच्या वाट्याला यायलाच हवी. जी एकट्याचीच राहते तिच्या पलीकडे भोक असतं.

४४ हा आकडा चारने भागला जातो, तेव्हाच शंका आली. उघड्या कडांच्या साखळ्या जोडून पाहिल्या तर ११ भोकं निघाली आणि प्रत्येक बरोबर चार कडांचं. शिवाय प्रत्येक भोकाचे चारही बिंदू एकाच प्रतलात, ग्रिडच्या एखाद्या चौकोनावर. भोकं दशांशाच्या शेवटच्या घरातल्या फरकाने पडली असती तर कुठेही, कशाही आकाराची पडली असती. ही शिस्तीत पडलेली आहेत, म्हणजे त्यांचा उगम कोष्टकात आहे.

१८ ऑगस्ट

या नोंदीत घाई करणार नाही, कारण सगळं काम इथेच अडतं.

दोन शेजारी घनांमधला सामाईक चौकोन घ्या. त्याचे कोपरे ओळीने क, ख, ग, घ. क आणि ग आत, ख आणि घ बाहेर. म्हणजे आतले दोघे समोरासमोर, कर्णावर. मग चौकोनाच्या चारही कडांवर एकेक छेदबिंदू येतो. हे चार बिंदू दोन रेषांनी जोडायचे आहेत आणि त्याचे दोन मार्ग आहेत. एक, क आणि ग यांचे कोपरे वेगवेगळे कापायचे. आतले दोन तुकडे सुटे राहतात. दोन, ख आणि घ यांचे कोपरे कापायचे. मग क पासून ग पर्यंत आतला भाग सलग होतो. कोपऱ्यांची आत-बाहेर अवस्था दोन्ही मार्गांना सारखीच आहे, त्यामुळे कोष्टकाला त्यांत निवड करता येत नाही.

कोणताही एक मार्ग धरला तरी जाळी बंद राहू शकते. अट एकच, चौकोनाच्या दोन्ही बाजूंच्या घनांनी तोच मार्ग घेतला पाहिजे. १५ आकृत्यांच्या कोष्टकात नेमकी हीच अट मोडते. समजा डावीकडच्या घनात क आणि ग हे दोनच कोपरे आत आहेत. त्याची आकृती आतले कोपरे सुटे कापते. उजवीकडच्या घनात सहा कोपरे आत आणि ख, घ हे दोनच बाहेर. सहा आतल्यांची वेगळी आकृती नाही म्हणून आत-बाहेर बदलून तीच दोन कोपऱ्यांची आकृती वापरली जाते आणि ती आता बाहेरचे कोपरे सुटे कापते. एकाने क आणि ग कापले, दुसऱ्याने ख आणि घ. दोघांच्या दोन-दोन रेषा मिळून चार कडांचं भोक तयार होतं.

यावरून भोकं इतकी कमी का तेही कळलं. माझ्या ग्रिडमध्ये असे कर्णावरचे चौकोन ६३ आहेत आणि भोकं ११ च. उरलेल्या ठिकाणी दोन्ही शेजारी घन योगायोगाने एकाच मार्गावर आले आहेत. मार्टिन ड्यूर्स्ट यांनी ही उणीव १९८८ मध्येच दाखवून दिली होती. तरी १५ आकृत्यांचं चित्र अजून सगळीकडे तसंच छापलं जातं, आणि शिकणाऱ्याला त्यावरून सगळं सोडवून झालंय असं वाटतं. त्या चित्राखाली ही एक ओळ असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

२४ ऑगस्ट

कोष्टक नव्याने केलं, २५६ ओळी हाताने न लिहिता प्रोग्रॅमकडून. घनाच्या सहा बाजू एकेक करून घ्यायच्या आणि प्रत्येक बाजूवर छेदबिंदू कसे जोडायचे ते तिच्या चार कोपऱ्यांवरूनच ठरवायचं. कर्णावरचा चौकोन आला की नियम एकच : आतले कोपरे नेहमी सुटे कापायचे. सहाही बाजूंवरच्या रेषा एकमेकींना जोडत गेलं की बंद वळसे मिळतात, एक किंवा अधिक. प्रत्येक वळशाचे त्रिकोण पाडायचे, झालं. निर्णय चौकोनाचे चार कोपरे पाहूनच होतो आणि ते दोन्ही घनांना सारखेच दिसतात. त्यामुळे शेजाऱ्यांत मतभेद होण्याची सोयच उरत नाही. आत-बाहेर अदलाबदल यात बसत नाही; फक्त फिरवून एकसारख्या होणाऱ्या अवस्था एक मानल्या तर २३ आकृत्या होतात.

तपासणी कशी करायची यावर बराच वेळ दिला. सगळे करतात ती चाचणी गोलाची : मध्यापासूनचं अंतर ग्रिडमध्ये भरायचं आणि गोल निघतो का पाहायचं. बिंदू, कडा आणि त्रिकोण मोजून ‘बिंदू − कडा + त्रिकोण = २’ येतं का तेही पाहायचं. पण गोलाच्या ग्रिडमध्ये कर्णावरचा चौकोन जवळजवळ येतच नाही. १५ चं जुनं कोष्टकही ही चाचणी बिनबोभाट पार करतं.

खरी चाचणी यादृच्छिक आकड्यांची. प्रत्येक नोडवर मनाला येईल तो आकडा, बाहेरून शून्याचा थर. पडद्यावर काहीच अर्थ नसलेला गुंता दिसतो, पण त्यात २५६ च्या २५६ अवस्था शेजारी-शेजारी येतात. मग प्रत्येक त्रिकोणाच्या कडा दिशेसह मोजायच्या. बिंदू ७ कडून १२ कडे जाणारी कड जितक्या वेळा येते तितक्याच वेळा १२ कडून ७ कडे जाणारी यायला हवी. ‘प्रत्येक कड दोनदाच’ अशी कडक अट मी ठेवली नाही, कारण एखाद्या वळशाचा त्रिकोण पाडताना त्याची आतली रेषा घनाच्या बाजूवरच पडते आणि तिथे चार त्रिकोण भेटू शकतात. ते भोक नव्हे.

जुनं कोष्टक या चाचणीत लगेच गडगडलं. नवं मात्र यादृच्छिक आकडे पुन्हा पुन्हा बदलून पाहिले तरी एकही फरक न ठेवता पार झालं. खाणीच्या ग्रिडवर उघड्या कडा शून्य.

३१ ऑगस्ट

जाळी बंद झाली खरी, पण ‘आतले नेहमी सुटे’ हा नियम मी ठरवलेला आहे, आकड्यांनी नव्हे. ६३ पैकी ६२ चौकोनांत त्याने फारसं बिघडत नाही; एकेका भिंगाच्या खडबडीत कडेला ते आहेत. उरलेला एक चौकोन मात्र दोन्ही भिंगांच्या मधोमध येतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पातळीवर ग चा कोपरा ५५ च्या खाली जातो, म्हणजे भिंगं जोडली जात असतील तर ती याच एका जागी. खनिज सलग होतं की दोन तुकड्यांत, हे वाचनालयातल्या प्रतिकृतीत ठळकपणे दिसणार.

त्या आडव्या चौकोनाचे आकडे : क = ६६, ख = ५२, ग = ५६, घ = ५१.

पटकन सुचतं ते चौघांची सरासरी काढणं. ती येते ५६.२५, म्हणजे मध्य ‘आत’, म्हणजे जोडा. पण सरासरी म्हणजे चौकोनाच्या केंद्रावरची किंमत, आणि निर्णय केंद्रावर होत नाही. आपण कडांवर सरळ प्रमाण वापरलं आहे; तेच चौकोनभर पसरवलं तर ५५ ची रेषा एका अपास्ताच्या दोन शाखा होते. शाखा कोणत्या बाजूंना वळतात हे खिंडीच्या बिंदूवरून ठरतं, जिथे एका कर्णाच्या दिशेने किंमत वाढते आणि दुसऱ्याच्या दिशेने घटते. खिंडीची किंमत ५५ च्या वर असेल तर आतला भाग तिथून आरपार जातो, खाली असेल तर नाही. ग्रेगरी नील्सन आणि बर्न्ड हामान यांनी १९९१ मध्ये दिलेला निकष हाच.

खिंडीची किंमत = (क × ग − ख × घ) ÷ (क + ग − ख − घ)

आपल्या चौकोनासाठी (३६९६ − २६५२) ÷ १९ = ५४.९४७. पंचावन्नच्या खाली. सरासरीने जोडलेली भिंगं हा निकष सुटी करतो.

भागाकारही करायची गरज नाही. आतल्या दोघांचं ५५ पासूनचं अंतर ११ आणि १, गुणाकार ११. बाहेरच्या दोघांचं ३ आणि ४, गुणाकार १२. आतल्यांचा गुणाकार मोठा असेल तरच जोडायचं.

```python
def inside_joined(a, b, c, d, iso):
    # a, c आत; b, d बाहेर
    return (a - iso) * (c - iso) > (b - iso) * (d - iso)
```

याचा आणखी एक फायदा. शेजारचा घन हाच चौकोन उलट क्रमाने बघतो, पण गुणाकारात क्रम उलटला तरी उत्तर शेवटच्या बिटापर्यंत तेच येतं. दोन्ही घनांचा निर्णय त्यामुळे आपोआप जुळतो. आता वळसे काढताना कर्णावरच्या प्रत्येक चौकोनाला हा प्रश्न विचारला जातो. कोष्टक उरलेल्या घनांपुरतं राहिलं.

घनाच्या पोटातही अशीच एक संदिग्धता असते. बाजू सगळ्या ठरल्या तरी आत बोगदा आहे की नाही हा प्रश्न राहतो. चेर्न्यायेव यांनी १९९५ मध्ये ३३ अवस्थांचं कोष्टक दिलं ते त्यासाठी. त्याने भोकं पडत नाहीत, म्हणून मी त्यात शिरलो नाही.

१ सप्टेंबर

मामांना खिंडीचं गणित सांगितलं. त्यांना अपास्तात रस नव्हता. “तुझा तो ख आणि घ कुठे येतात ते नकाशावर दाखव,” म्हणाले. दाखवल्यावर तिसरं रजिस्टर काढलं, पानं उलटत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. घ च्या जवळच्या बोअरची नोंद : पिवळट चिकणमाती, खाली ब्लू डस्ट. “ही मातीची पट्टी होती इथे. बेंच कापताना भिंतीत दिसायची. भिंगं वेगळीच होती रे.”

“म्हणजे निकष बरोबर ठरला म्हणायचा,” मी म्हटलं.

“बरोबर ठरला, पण त्याला पट्टी माहीत नव्हती,” मामा म्हणाले. ते खरंच आहे. निकष एवढंच सांगतो की कडांवर वापरलेल्या प्रमाणाशी सुसंगत जोडणी कोणती. चौकोनात ५५ ची रेषा कडा कुठे छेदते पाहा. क-ख वर ती क पासून ०.७८६ वर आहे आणि खिंड त्याच दिशेने ०.७८९ वर. २५ मीटरच्या कडेवर हा फरक जेमतेम ९ सेंटिमीटर. बोअर एकमेकांपासून कितीतरी मीटर लांब असताना ९ सेंटिमीटरवर भूविज्ञान ठरत नाही. यापुढे खिंडीची किंमत पातळीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर प्रोग्रॅम तो चौकोन वेगळ्या यादीत टाकतो. ती यादी घेऊन रजिस्टरकडे जायचं.

९ सप्टेंबर

चवथीची गडबड ओसरली. या वेळी प्रश्न नेमक्या ५५.० किमतीच्या नोडांचा होता. टक्केवाऱ्या एका दशांशापर्यंत असल्याने असे नोड पुष्कळ आहेत. तिथे प्रमाण शून्य येतं आणि त्या नोडला लागलेल्या सगळ्या कडांचे बिंदू नोडवरच येऊन बसतात. क्रमांक वेगळे, जागा एकच. माझ्या तपासणीत जाळी बंद असते, कारण ती क्रमांक बघते. स्लायसर मात्र एका जागेचे बिंदू एकत्र करतो, शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण गळतात आणि भलत्याच कडा एकमेकींना चिकटतात.

उपाय सोपा आहे. पातळी अशा जागी ठेवायची जिथे एकही किंमत येऊच शकत नाही. ५४.९ आणि ५५.० यांच्या मधे, ५४.९५. ‘५५ किंवा जास्त ते आत’ हा अर्थ त्याने जसाच्या तसा राहतो. ५५.०५ घेतलं असतं तर ५५.० वाले बाहेर गेले असते.

पातळी हलवल्यावर खिंडीचा चौकोन पुन्हा तपासला. आतले ११.०५ × १.०५ = ११.६०, बाहेरचे २.९५ × ३.९५ = ११.६५. अजून सुटीच. खिंड ५४.९४७ वर आणि पातळी ५४.९५ वर, म्हणजे अगदी काठावर. ५४.९४ घेतली असती तर भिंगं जोडली गेली असती. अर्ध्या टक्क्याच्या यादीचा नियम केला ते बरंच झालं.

१५ सप्टेंबर

मामांनी विचारलं, “जोडलं काय, सुटं ठेवलं काय, घनफळात किती फरक?” मला वाटत होतं नगण्य. मोजून पाहिलं. त्या चौकोनाचे चार छेदबिंदू जोडून होणारा चौकोन ३१२ चौरस मीटरचा, म्हणजे पूर्ण ६२५ चौरस मीटरच्या अर्धा. सुटं ठेवलं तर एवढा भाग बाहेर, जोडलं तर आत.

खऱ्या अपास्तात असं होत नाही. त्याची शाखा कडेवरून निघून खिंडीच्या अगदी जवळपर्यंत सरळ जाते आणि तिथे काटकोनात वळते. पातळी जराशी वरखाली झाली तर शाखा एकमेकींना सोडून दुसऱ्या जोडीने जुळतात, पण आतलं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. आपण मात्र ती शाखा पुसून दोन टोकांमधे सरळ रेषा मारतो आणि कोपऱ्यातला मोठा त्रिकोण हरवतो. खिंडीजवळचे चौकोन म्हणूनच या पद्धतीत सर्वांत कच्चे असतात.

म्हणून यादीतले घन आणि त्यांचे शेजारी बारीक केले : प्रत्येक आडवी कड चार भागांत, मधल्या किमती त्याच प्रमाणाने. बारीक आणि जाड घन जिथे भेटतात तिथे एका बाजूला चार तुकड्यांची वळती रेषा आणि दुसऱ्या बाजूला एकच सरळ रेषा येते, त्यात पुन्हा फट पडते. त्यापेक्षा सगळं ग्रिडच आडव्या दिशेने चौपट बारीक केलं. घन सोळापट झाले, तरी लॅपटॉपला काही सेकंदच लागतात. सुटी ठेवलेली भिंगं आता एकमेकांच्या अगदी जवळ येऊन थांबतात आणि मधली निमुळती फट पडद्यावर नीट दिसते. उघड्या कडा शून्य, सुटे तुकडे दोन.

२१ सप्टेंबर

छपाईचं प्रमाण १:५०००. आडवं २० × १४ सेंटिमीटर; उभं दीड सेंटिमीटरही होत नव्हतं म्हणून उंची तिप्पट केली, सव्वाचार सेंटिमीटर. पाटीवर तसं लिहायचं आहे.

प्रिंटरच्या नोझलचं तोंड ०.४ मिलिमीटरचं, म्हणजे या प्रमाणात जमिनीवरचे दोन मीटर. भिंगांमधली फट त्याहून कितीतरी अरुंद. एका फाइलमधून छापलं तर प्लास्टिक तिथे वितळून जोडलं जाईल आणि इतक्या काळजीने सुटी ठेवलेली भिंगं सलग दिसतील. म्हणून दोन तुकड्यांच्या दोन फाइली केल्या, `bhing_vayavya.stl` आणि `bhing_agneya.stl`. मोठं भिंग तांबूस, लहान करडं. प्रिंटरवाल्याने दोन्ही उघडून पाहिल्या, तक्रार काही नाही. मातीच्या पट्टीची जागा मामा पुठ्ठ्यावर स्वतः आखून देणार आहेत.